नाम तोडा, क्रियापद तोडू नका

वाचकाचं पत्र

*मी एका संस्थेच्या कार्यालयात काम करते. बैठक चालू असताना लॅपटॉपवर भराभर तुटक नोंदी टाइप करते आणि एकदोन दिवसांनी बसून त्यांची पूर्ण वाक्यं करते. त्याचंच इतिवृत्त होतं. मागच्या बैठकीच्या नोंदीत ‘आगाऊ २०’ असं होतं. मी लिहिलं, ‘ठेकेदारास २० हजार आगाऊ देण्यात आले.’ बोलणं २० टक्क्यांचं झालं होतं आणि पैसे तर अजून दिलेच नव्हते. खजिनदारांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे वीस हजार कुठून आले? मला उत्तर देता आलं नाही. मी मनाचं काहीच घातलं नव्हतं, फक्त वाक्य पूर्ण केलं होतं. माझी आठवणही चांगली आहे. आता वाटतं, नोंदी तशाच्या तशा द्याव्यात. पण वरिष्ठ म्हणतात, त्या कोणाला कळत नाहीत, नीट वाक्यांत लिहा. काय करू? त्या दिवशीची नोंद सोबत पाठवते आहे.*

उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला जराही शंका नाही. पण ‘फक्त वाक्य पूर्ण केलं’ हे जे तुम्ही म्हणता, तिथेच आपण जरा थांबू या. कारण मराठीत मनाचं काहीही न घालता तुटक नोंदीचं वाक्य होतच नाही. प्रत्येक वेळी काहीतरी घालावं लागतं. आपण काय घातलं हे आपल्याला दिसत नाही, अडचण तिथे आहे.

‘आगाऊ २०’ या दोन शब्दांत क्रियापद नाही. वाक्य करायचं तर क्रियापद हवं, आणि मराठी क्रियापद काळ किंवा अर्थ घेतल्याशिवाय येत नाही. दिले, देत आहोत, देऊ, द्यावेत, द्यायचे ठरले, यांतलं एक निवडावंच लागतं. तुम्ही ‘देण्यात आले’ निवडलंत, कारण इतिवृत्त लिहिताना तेच सगळ्यांत आधी बोटांवर येतं. चर्चा करण्यात आली, मंजुरी देण्यात आली, आभार मानण्यात आले. त्या ओघात पैसेही देण्यात आले.

दुसरं, नुसत्या २० ला काहीतरी एकक हवं होतं, म्हणून ‘हजार’ आलं. आणि तिसरं, ‘ठेकेदारास’. तेही नोंदीत नाही, तेही तुम्हीच घातलंत. ते बरोबर निघालं म्हणून त्याबद्दल कोणी विचारलं नाही, एवढंच. म्हणजे सहा शब्दांच्या त्या वाक्यात तीन गोष्टी तुमच्या होत्या आणि त्यांतल्या दोन चुकल्या.

आता एक बघा. आकडा तुम्ही अगदी बरोबर उतरवला होता. २० चे २५ झाले नाहीत. तरीही रक्कम बदलली. तुमच्यासारख्या बहुतेकांना असं वाटतं की लिहून झाल्यावर आकडे आणि तारखा नोंदीशी ताडून पाहिल्या की काम झालं. ते ताडणं हवंच, पण आकडा सहसा बिघडत नाही. त्याला चिकटून येणारा शब्द बिघडतो. हजार की टक्के, दिले की द्यायचे, कोणी की कोणाला. तपासायचं ते हे.

आठवणीबद्दलही थोडं बोलायला हवं. तुमची आठवण चांगली असेल, पण दोन दिवसांनंतर तिला बैठकीचा सूर आठवतो, शब्द आठवत नाहीत. आणि जिथे काही आठवत नाही तिथे ती ‘मला माहीत नाही’ असं सांगत नाही. नेहमी जसं होतं तसं ती तिथे भरून देते. ठेकेदारांना आधी कधी ठरावीक रक्कम आगाऊ दिली गेली असेल, तर ‘आगाऊ २०’ वाचताना हजार हा शब्द आठवल्यासारखाच वाटतो. म्हणून आठवणीवर बंदी घालू नका, पण तिला वेगळं ठेवा. मी आठवणीतून आलेला प्रत्येक शब्द लिहिताना पिवळा करते आणि तो पिवळा रंग कोणाला तरी विचारल्याशिवाय काढत नाही. शक्य असेल तर बैठक संपली की त्याच जागी बसून पहिला खर्डा करा. वाक्यं सुबक नसली तरी चालतील, ती दुसऱ्या दिवशी नीट करता येतात.

तुम्ही पाठवलेली नोंद आता ओळीने घेऊ. बैठक मंगळवारी, १२ तारखेला झाली असं वर लिहिलेलं आहे. पुढे असं:

> छप्पर दुरु. ३ को आली. कमी ४८५००. आगाऊ २० पुढच्या शुक्र. उरले काम झा. सचि परवा पाहणी. जुना अ मान्य. गळती वाढली सद.

‘३ को आली’ ही यातली सगळ्यांत चांगली नोंद आहे. ‘कोटेशन’ हा शब्द तुम्ही एका अक्षरावर आणलात, पण ‘आली’ पूर्ण लिहिलंत. त्यामुळे मागवायची होती, येणार होती की आली होती, याची शंकाच राहत नाही. ‘छप्पर दुरुस्तीसाठी तीन कोटेशन आली’ हे वाक्य बिनधास्त लिहा.

‘कमी ४८५००’ चं ‘त्यांपैकी सर्वांत कमी कोटेशन ४८,५०० चे होते’ असं करता येईल. तीन कोटेशन आणि त्यापुढे ‘कमी’, म्हणजे सर्वांत कमी, हे वाचन रास्त आहे, तरी त्यालाही पिवळा रंग द्याच. खरा मोह पुढे आहे. इथे जवळजवळ प्रत्येक जण ‘ते मंजूर करण्यात आले’ असं जोडतो. कमी होतं म्हणजे तेच घेतलं असणार, आणि आगाऊ रकमेचं बोलणं झालं म्हणजे मंजुरी झालीच असणार. असेलही. पण नोंदीत मंजुरीचं एक अक्षरही नाही. कदाचित ‘मंजूर झालं तर आगाऊ किती द्यायचे’ एवढंच बोलणं झालं असेल. एका बाजूने रास्त वाटणारा तर्क आणि दुसऱ्या बाजूने बैठकीचा निर्णय यांत फार अंतर असतं, आणि इतिवृत्तावर विसंबून लोक पैसे देतात.

‘आगाऊ २०’ आपण पाहिलंच. ‘पुढच्या शुक्र’ पाहू. मंगळवारी १२ तारखेला कोणी ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणालं, तर काही जण १५ समजतात आणि काही २२. दोन्ही समजुती आपल्या बोलण्यात सर्रास आहेत. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. विचारून तारीख घाला, नाहीतर बोललेला शब्द तसाच ठेवा. कॅलेंडर पाहून आपल्याला बरी वाटेल ती तारीख घालणं मात्र नको. तारीख घातली की ती नेमकी दिसते, आणि नेमकं दिसणाऱ्या गोष्टीवर पुन्हा कोणी शंका घेत नाही.

‘सचि परवा पाहणी’ ही त्याहून अवघड. आपल्या भाषेत ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. १२ तारखेचा परवा म्हणजे १० किंवा १४, आणि कोणता ते फक्त क्रियापद सांगतं. क्रियापदच नोंदीत नाही. ‘सचिवांनी परवा पाहणी केली’ आणि ‘सचिव परवा पाहणी करतील’ ही दोन्ही वाक्यं या तीन शब्दांतून सारख्याच सहजपणे निघतात. माझ्या हातून एकदा अगदी हेच झालं आहे. झालेली पाहणी मी ‘करण्यात येईल’ अशी लिहिली. ज्या गृहस्थांनी ती केली होती त्यांना, अजून का गेला नाहीत म्हणून विचारणा झाली. त्यांनी पाहून आल्याचं लेखी कळवलं, तोवर मधले दिवस वाया गेले होते. त्या दिवसापासून काल, उद्या, परवा, येत्या, गेल्या हे शब्द मी टाइपच करत नाही. बोलणाऱ्याने ‘परवा’ म्हटलं की तिथल्या तिथे तारीख टाकते. ‘१४’ हा ‘परवा’ पेक्षा लहानही आहे.

आता ‘जुना अ मान्य’. इथे तुम्ही ‘अ’ म्हणजे अहवाल लिहिलंत असं मी धरते आहे, कारण मध्ये जागा सुटलेली दिसते. पण भराभर टाइप करताना स्पेसबार नीट दाबला गेला नाही, तर त्याच ओळीचं ‘जुना अमान्य’ होतं. म्हणजे एका रिकाम्या जागेवर अहवाल मान्य झाला की फेटाळला हे ठरतं. उलटही होऊ शकतं: तुम्ही ‘अमान्य’ असंच टाइप करत होतात आणि मध्येच जागा सुटली. नोंदीकडे पाहून दोन्हींतलं खरं कोणतं ते सांगता येणार नाही. मराठीत अ, ना, बिन, गैर ही अक्षरं शब्दाच्या आधी लागली की अर्थ उलटा करतात, म्हणून त्यांचा लघुरूप म्हणून कधीच वापर करू नका. अहवालासाठी ‘अह’ घ्या, अर्जासाठी ‘अर्ज’च लिहा, नावासाठी ‘ना’ नको.

शेवटची ओळ, ‘गळती वाढली सद’. इथे गळती वाढली ही वस्तुस्थिती आहे की कोणाचं म्हणणं? शेवटी ‘सद’ आहे म्हणजे सदस्य म्हणाले. ते ‘म्हणाले’ वाक्यात राहिलंच पाहिजे. ‘छपराची गळती वाढली आहे’ असं लिहिलं तर ते संस्थेचं म्हणणं होतं, ‘गळती वाढल्याचे सदस्यांनी सांगितले’ असं लिहिलं तर सदस्यांचं. पण त्यातही एक बारीक अडचण आहे. मराठीत आदरार्थी बहुवचन असल्यामुळे ‘सदस्यांनी’ म्हणजे एक की अनेक, ते कळत नाही. एकच जण बोलला असेल आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर ‘एका सदस्याने’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर एका माणसाची तक्रार वाचणाऱ्याला सगळ्यांची वाटते. आणि कृपा करून ‘गळती वाढल्याने दुरुस्ती करण्याचे ठरले’ असं दोन ओळींना जोडणारं वाक्य करू नका. ‘वाढल्याने’ मधला तो ‘ने’ कारण सांगतो, आणि नोंदीत कारण नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या, तर त्या शेजारीच ठेवा. मुळे, म्हणून, त्यामुळे, तरीही हे शब्द वाक्याला ओघ देतात खरे, पण त्यांतला प्रत्येक शब्द एक विधानही करतो.

उरली एक ओळ, ‘उरले काम झा’. ‘उरलेली रक्कम काम झाल्यावर’ असा तिचा अर्थ मीही लावते, पण तो लावलेला आहे म्हणून पिवळा. इथे आणखी एक मोह असतो तो हिशेबाचा. ४८,५०० चे २० टक्के म्हणजे ९,७०० आणि उरले ३८,८००. गणित बरोबर आहे. तरी हे दोन्ही आकडे बैठकीत कोणी उच्चारले नव्हते. कोटेशनवर कर वेगळा असेल, किंवा आगाऊ रक्कम फक्त सामानाच्या किमतीवर धरायची असेल, तर बरोबर गणितातून चुकीची रक्कम इतिवृत्तात जाते. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी हिशेब द्यावासा वाटलाच, तर तो खाली वेगळ्या ओळीत द्या आणि हा आकडा लिहिणाऱ्याने काढलेला आहे असं तिथेच सांगा.

तर पहिला खर्डा कसा दिसावा? मूळ नोंद पुसायची नाही. ती तशीच ठेवून तिच्या खाली वाक्यं लिहायची, आणि जिथे नोंद गप्प आहे तिथे चौकटी कंसात तसं लिहायचं.

> छप्पर दुरुस्तीसाठी तीन कोटेशन आली. त्यांपैकी सर्वांत कमी कोटेशन ४८,५०० चे होते. [मंजूर झाले का? नोंदीत नाही] आगाऊ २० [टक्के की हजार?] [दिले की द्यायचे?] [कोणाला?] पुढच्या शुक्रवारी [१५ की २२?]. उरलेली रक्कम काम झाल्यावर [बरोबर?]. सचिव, पाहणी, परवा [१० ला झाली की १४ ला होणार?]. जुना अहवाल मान्य [की अमान्य?]. गळती वाढल्याचे सदस्यांनी [एक की अनेक?] सांगितले.

हे वाचायला ओबडधोबड आहे, आणि या टप्प्यावर तसंच असायला हवं. कंसांमुळे तुमच्या हाती प्रश्नांची तयार यादी येते. खजिनदारांना एक फोन, सचिवांना एक फोन, एवढ्यात सगळे कंस सुटतात. फोन करताना एक पथ्य पाळा. ‘वीस हजारच ना?’ असं विचारू नका. घाईत असलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘आगाऊ किती ठरलं?’ असं उघडं विचारा आणि आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या.

समजा उत्तरं आली: मंजूर झालं, २० टक्के ठेकेदाराला द्यायचे आहेत, शुक्रवार म्हणजे २२, पाहणी १४ ला होणार, अहवाल मान्य झाला, बोलणारा सदस्य एकच होता. मग वाक्यं अशी होतील:

> छप्पर दुरुस्तीसाठी तीन कोटेशन आली. त्यांपैकी सर्वांत कमी, ४८,५०० चे कोटेशन मंजूर करण्यात आले. ठेकेदारास २० टक्के आगाऊ रक्कम शुक्रवार, २२ तारखेला द्यावी आणि उरलेली रक्कम काम झाल्यावर द्यावी, असे ठरले. सचिव गुरुवार, १४ तारखेला पाहणी करतील. जुना अहवाल मान्य करण्यात आला. गळती वाढल्याचे एका सदस्याने सांगितले.

एखादा कंस सुटलाच नाही, तर त्याला वाट काढून देणारी रचना मराठीत आहे. कोणी ठरवलं ते माहीत नसेल तर ‘असे ठरले’ लिहा. कोणी सुचवलं ते नसेल तर ‘अशी सूचना आली’. कर्ता न सांगताही वाक्य नीट उभं राहतं. पण ही सवलत फक्त कर्त्यापुरती आहे. झालं की व्हायचं आहे, हे माहीत नसेल तर कोणतीही रचना तुम्हाला वाचवणार नाही. तिथे विचारावंच लागतं, किंवा ‘याबाबत नोंद अपुरी आहे’ असं इतिवृत्तातच लिहावं लागतं. तसं लिहिण्यात काही कमीपणा नाही.

नोंदी तशाच्या तशा देण्याबद्दल. ते सुरक्षित वाटतं, पण तुमची ‘आगाऊ २०’ दहा जणांच्या हातात गेली की प्रत्येक जण ती आपल्या मनात पूर्ण करणारच, कोणी हजार म्हणून, कोणी टक्के म्हणून. तुमच्या जागी ते भर घालतील, आणि ती कागदावर नसल्यामुळे पकडताही येणार नाही. शिवाय त्या वेळी खोलीत तुम्ही होतात. कोणाला काय विचारायचं ते तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून वाक्यं करण्याबाबत तुमच्या वरिष्ठांचं म्हणणं मला पटतं. पण इतिवृत्ताआधी हे दोन फोन करायला वेळ लागेल, हे त्यांनी मान्य करायला हवं, आणि ते तुम्ही त्यांना सांगायला हवं.

आता थोडं टाइप करतानाच्या सवयीबद्दल, कारण अर्ध्याहून अधिक कंस तिथेच वाचतात. घाईत आपण शब्दाचं डोकं ठेवतो आणि शेपूट कापतो. इंग्रजी लघुरूपं पाहून ही सवय लागलेली असावी असं मला वाटतं. मराठीत मात्र अर्थाचा मोठा भाग शेपटीत असतो. ‘खजिला ५०००’ आणि ‘खजिने ५०००’ यांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि त्यावरून पैसे खजिनदारांना मिळाले की त्यांनी दिले हे ठरतं. म्हणून नामं हवी तेवढी तोडा. खजिनदार, कोटेशन, दुरुस्ती, अध्यक्ष हे संदर्भावरून परत मिळतात. पण त्यांना लागलेले ने, ला, कडून, साठी, पर्यंत हे प्रत्यय आणि क्रियापदाचा शेवट तोडू नका. ‘दि’ नको, ‘दिले’ किंवा ‘द्यायचे’ लिहा. ‘झा’ नको, ‘झालं’ किंवा ‘झाल्यावर’ लिहा. चार बटणं जास्त दाबावी लागतात, पण तुमच्या मागच्या चुकीतला अर्धा भाग एवढ्यानेच टळला असता.

आकड्याचंही तसंच. एकक आकड्याला चिकटवून लिहा: २०%, २०ह. फक्त लाखासाठी ‘ला’ वापरू नका. ‘५ ला द्यायचे’ असं लिहिलंत तर पाच लाख द्यायचे की पाच तारखेला द्यायचे, हे दुसऱ्या दिवशी तुम्हालाही सांगता येणार नाही. ‘लाख’ पूर्ण लिहा. तारखेसाठी महिन्याचं नाव वापरा, कारण ५/६ हा जून आहे की मे, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर ठरतं. कोणी ‘पावणेदोन लाख’ म्हणालं तर तेच शब्द टाइप करा, १,७५,००० नंतर सावकाश लिहिता येईल. घाईत पावणेदोनचे २.७५ झालेले मी पाहिले आहेत. आणि ‘सुमारे’, ‘किमान’, ‘कमाल’ हे शब्द आकड्याचाच भाग समजा. ‘सुमारे ३० दिवस’ चं ‘३० दिवस’ झालं की अंदाजाची मुदत होते.

नोंदी पूर्ण करायला संगणकाची मदत घेत असाल तर एवढं सांभाळा. ‘सद’ च्या जागी ‘सदस्य’ घाला असा हुकूम एकदम सगळ्या मजकुराला दिला, तर ‘सदर’ चं ‘सदस्यर’ होतं आणि आधीच पूर्ण लिहिलेल्या ‘सदस्य’ चं ‘सदस्यस्य’. हे निदान डोळ्यांना खुपतं. पण ‘उप’ च्या जागी ‘उपस्थित’ घातलंत आणि एखाद्या ओळीत ‘उप’ म्हणजे उपाध्यक्ष होते, तर ‘अध्यक्ष, उपस्थित’ असं वाक्य तयार होतं आणि ते बिनचूक दिसतं. म्हणून एकेक जागा पाहत पुढे जा. शोधताना आणखी एक: नोंदीत काही आकडे 50 असे आणि काही ५० असे असतील, तर एक शोधताना दुसरा सापडेलच असं नाही. पूर्ण मजकुरात एकच पद्धत ठेवा.

सगळं झाल्यावर तपासायची माझी रीत उलटी आहे. मी तयार वाक्यं घेऊन त्यांची पुन्हा तुटक नोंद करते, मूळ नोंद झाकून. मग दोन्ही शेजारी ठेवते. नव्या नोंदीत जे जास्तीचं दिसतं ते मी घातलेलं, आणि त्या प्रत्येकासाठी ‘हे कोणाकडून कळलं?’ याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं. तुमच्या त्या वाक्याची अशी नोंद केली असती, तर ‘ठेके.ला २०ह आगाऊ दिले’ अशी झाली असती. मूळच्या ‘आगाऊ २०’ शेजारी ती ठेवली की तीनही भर एका नजरेत दिसतात: ठेके.ला, ह, दिले. जमलं तर हे काम दुसऱ्याकडून करून घ्या, ज्याने बैठक ऐकलेली नाही त्याच्याकडून. त्याला आठवणीचा आधार नसतो, म्हणून त्याला जास्तीचं लगेच दिसतं.

राहिलं ते मागचं इतिवृत्त. ते संगणकावर गुपचूप दुरुस्त करून नवी प्रत पाठवू नका. काहींकडे जुनी प्रत असेल, काहींकडे नवी, आणि दोन रकमा दोन ठिकाणी फिरत राहतील. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचा विषय असतोच. त्या वेळी तुम्हीच दुरुस्ती मांडा आणि ती नव्या इतिवृत्तात अशी नोंदवा:

> मागील इतिवृत्तातील ‘ठेकेदारास २० हजार आगाऊ देण्यात आले’ या वाक्याऐवजी ‘ठेकेदारास २० टक्के आगाऊ रक्कम द्यावी, असे ठरले’ असे वाचावे. या दुरुस्तीसह मागील इतिवृत्त कायम करण्यात आले.

दुसरं वाक्य मात्र बैठकीत ते खरोखर कायम झाल्यावरच लिहा.